औषध पोटात टिकेपर्यंत

माझी मुलगी पहिलीत होती, तेव्हाची ही गोष्ट. थंडी सरत आली होती. आमच्या बाजूला या दिवसांत पांढऱ्या कांद्याच्या वेण्या दारोदारी टांगलेल्या असतात, आणि वालाच्या शेंगा संपायच्या आत त्या मडक्यात भाजून पोपटी लावायची घाई चालू असते. शाळेचं स्नेहसंमेलन नुकतंच झालं होतं. मी त्याच शाळेत शिकवते. कोळीनृत्यात माझी मुलगी पहिल्या रांगेत होती, आणि तिच्या मागच्या दोन्ही मुली नाचता नाचता खोकत होत्या, हे मी विंगेतून पाहिलं होतं. त्याच आठवड्यात निम्मा वर्ग रिकामा झाला.

मुलीला ताप आला तो दुपारी, शाळेतून घरी आल्यावर. दप्तर न काढता ती ओटीवर आडवी झाली आणि म्हणाली, "मम्मी, माझे पाय दुखतात." हात लावला तर अंग तापलेलं. दुसरी कुणी आई असती तर दोन दिवस वाट बघितली असती. मला तेवढा धीर नव्हता. ही मुलगी तीन वर्षांची असताना अशाच एका तापानंतर तिच्या छातीत न्युमोनिया झाला होता. अलिबागच्या दवाखान्यात तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बांधलेला आणि ती बरगड्या आत ओढून ओढून श्वास घेतेय, हे दृश्य माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलंच नाही. तेव्हापासून तिला दम लागायचा, पंप घ्यावा लागायचा. तिचा ताप आला की मी आधी तिची बनियन वर करून बरगड्या बघते. अजूनही बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची छाती शिट्टीसारखी वाजायला लागली, आणि मी आमच्या किहीमहून रिक्षा करून तिला अलिबागला नेलं. तिच्या लहानपणापासूनच्या डॉक्टर, बाईच आहेत, आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. त्यांनी नाकात काडी घालून तपासणी केली आणि इन्फ्लुएन्झा निघाला.

"हिला दम्याचा त्रास आहे, शिवाय आधी एकदा ॲडमिट झालीये," मॅडम म्हणाल्या, "म्हणून मी ऑसेल्टामिव्हिर सुरू करतेय. प्रत्येक मुलाला मी ते देत नाही. ताप येऊन फार वेळ झालेला नाही, लवकर सुरू केलं की जास्त उपयोग होतो. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. एक मात्र सांगून ठेवते, या औषधाने मुलांना मळमळतं. उलटीही होते. विशेषतः पहिल्या एकदोन डोसांना. उपाशीपोटी देऊ नका, आधी काहीतरी खायला घाला."

मी मान डोलावली. त्या वेळी मला उलटीची काही भीती वाटली नाही. मुलं उलट्या करतातच.

औषधाच्या दुकानात बाटलीत नुसती पूड होती. दुकानदाराने मोजून पाणी घातलं, हलवून हलवून पांढरट औषध तयार केलं आणि सोबत खुणा असलेली पिचकारी दिली. मॅडमनी वजन करून जो डोस लिहिला होता, त्या खुणेवर त्याने पेनाने रेघ मारून दिली. "दर वेळी बाटली नीट हलवा, खाली बसतं हे," एवढं तो म्हणाला.

संध्याकाळी पहिला डोस द्यायचा होता. तोवर तिने दिवसभरात जेमतेम एक बिस्कीट चघळलं होतं. सासूबाईंनी भात कालवला, मी बटाटा कुस्करून पाहिला, पण ती तोंड मिटून बसली. शेवटी दोन घोट दूध प्यायली, आणि मी पिचकारी तिच्या गालाच्या आत रिकामी केली. तिने तोंड वाकडं केलं. "गोड आहे आणि कडू पण आहे," ती म्हणाली. मला वाटलं, झालं, संपलं.

बऱ्याच वेळाने, आम्ही जेवायला बसणार तोच ती उठून बसली, माझ्याकडे घाबरून पाहिलं आणि उलटली. दूध, पाणी, सगळं. उलटी संपली तरी ओकाऱ्या थांबेनात. सहा वर्षांचं ते एवढंसं अंग धनुष्यासारखं वाकत होतं, आणि तोंडातून नुसती पिवळी लाळ येत होती.

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, औषध दिल्यावर किती वेळाने उलटी झाली? मी सांगितलं, तास उलटून गेला असेल. "मग औषध बहुतेक पोटात उतरलंय. परत देऊ नका. सकाळचा डोस सकाळीच द्या. आता तिला पाणी द्या, पण पेला तोंडाला लावू नका. चमच्याने."

फोन ठेवला तेव्हा सासूबाई फरशी पुसत होत्या. त्या फारसं बोलत नाहीत. मिठागरावर आयुष्य गेलेली बाई, उन्हातान्हात बोलायची सवयच राहिली नसावी, असं मला लग्नानंतर वाटायचं. त्यांनी फक्त विचारलं, "पानी देऊ नको असा तर न्हाय ना सांगितला बाईनी?"

"नाही आई, द्यायलाच सांगितलंय. थोडं थोडं."

"मग बरा," त्या म्हणाल्या, आणि एक वाटी-चमचा घेऊन नातीच्या उशाशी बसल्या.

सकाळी ती उठली ती डोळे अर्धेच उघडून. ताप होता, पण खेळण्याकडे, मोबाइलकडे, कशाकडेच तिचं लक्ष नव्हतं. ओठ सुकलेले. मी तिला पेजेचे दोन चमचे कसेबसे भरवले आणि औषध दिलं. पिचकारी तोंडातून काढेपर्यंत ते सगळं माझ्या गाउनवर आलं. औषधाचा तो गोडसर, फळांच्या गोळीसारखा वास आला. कालची उलटी निराळी होती. आज औषध आत गेलंच नव्हतं.

तिथपासून मला खरी भीती वाटायला लागली. या औषधावर मी सगळी आशा ठेवली होती. तो मास्क पुन्हा तिच्या तोंडावर यायला नको म्हणून हे औषध, आणि तेच पोटात राहात नाही. द्यावं तर उलटते. उलटते म्हणून खात नाही. खात नाही म्हणून दिलं की परत उलटते. मी स्वयंपाकघरात उभी राहून बाटलीकडे बघत होते आणि मला कळत नव्हतं की ही बाटली माझ्या मुलीला वाचवतेय की मारतेय.

मॅडमनी फोनवर शांतपणे सांगितलं, "घेतल्या घेतल्या बाहेर आलं असेल तर तो डोस गेला असं धरू. पण लगेच घाई करू नका. पोट थोडं शांत होऊ दे. चमचा चमचा ओआरएस द्या. ते टिकलं की चार घास भरवा आणि मग तोच डोस एकदा परत द्या. पुन्हा उलटला, तर तिसऱ्यांदा घरी देऊ नका, तिला इकडे घेऊन या. आणि तिने लघवी केली का, यावर लक्ष ठेवा."

लघवी. मी आठवायला लागले. रात्री झोपायच्या आधी गेली होती का? की ती परवाची? सासूबाईंना विचारलं. त्यांनाही नक्की आठवेना. त्यांचा चेहरा मात्र एकदम उतरला.

तापाचं औषधही तिने उलटून टाकलं, त्यामुळे ताप चढतच गेला. ओआरएसचे चमचे जायचे, आणि थोड्या वेळाने परत यायचे. मी ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत होते. तेवढ्यात तिने डोळे उघडले आणि समोरच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "मम्मी, त्यांना सांग ना, आमच्या घरात जाळं नका टाकू. माझा पाय अडकतो."

"कुणाला सांगू बाळा?"

"ते बघ ना. ते उभे आहेत." भिंतीवर कॅलेंडर होतं, दुसरं काही नव्हतं.

नेमका त्याच वेळी तिच्या पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. ते न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात काम करतात. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहतात, शनिवारी येतात. मी फोन तिच्यासमोर धरला. तिने पप्पांकडे पाहिलं, आणि ओळखल्याची काही खूण न दाखवता परत भिंतीशी बोलायला लागली.

"काय बोलतेय ती?" त्यांचा आवाज चिरकला. "अशी का बोलतेय?"

"ताप चढलाय."

"ताप नाही तो. इथं एकाने आत्ताच मला दाखवलं मोबाइलवर. या औषधाने पोरं भ्रमिष्ट होतात. खिडकीतून उड्या मारतात, असं लिहिलंय. तू ते बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर."

"अहो, पण मॅडम—"

"मॅडमची पोर नाहीये ती! उलट्या करून करून पोर अर्धी झाली, आता डोकं फिरायला लागलं. बंद कर म्हणतो ना. मी निघतोय."

फोन बंद झाला. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता त्याही मुलाचीच री ओढतील, बाटली उचलून फेकून देतील. त्या म्हणाल्या, "औषधाचा काय ता बाईला इचारू. पन पोर सुकत चाललीय. बघ तिचा तोंड. रिक्षा बोलाव."

शेजारचा रिक्षावाला तसाच जेवणावरून उठून आला. मी औषधाची बाटली आणि पिचकारी पिशवीत टाकली. सासूबाईंनी डब्यात पेज घेतली, वाटी-चमचा घेतला, गुळाचा एक खडा पदराला बांधला. रिक्षात त्यांनी नातीला मांडीवर घेतलं. मला दिली नाही. चोंढीचा बाजार, झिराडची वळणं, रस्त्याकडेला भाजी विकायला बसलेल्या बायका, सगळं नेहमीसारखं चाललं होतं, आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता. पोरीची मान सासूबाईंच्या दंडावर लोंबकळत होती. मी दर थोड्या वेळाने तिच्या नाकासमोर हात धरून श्वास बघत होते. एकदा तिने हुंकार दिला नाही, तर मी रिक्षातच ओरडले. तिने डोळे उघडून "काय?" म्हटलं. रिक्षावाल्याने मागे न पाहता वेग वाढवला.

दवाखान्यात मॅडमनी तिला टेबलावर निजवलं. बोटाला चिमटा लावला, छाती ऐकली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ बघितली. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला तेव्हा कळलं की चांगल्या डॉक्टरचा चेहरा किती भीतिदायक असतो.

"ऑक्सिजन चांगला आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "छाती कालपेक्षा वाईट नाही. पण पाणी कमी पडलंय. अजून फार नाही."

मी भिंतीशी बोलल्याचं सांगितलं. जाळ्याचं सांगितलं. तिच्या पप्पांनी काय वाचलं तेही सांगितलं. मला वाटलं त्या हसतील, किंवा मोबाइलवर वाचू नका म्हणून रागावतील. त्या तसं काही न करता टेबलाच्या कडेला टेकल्या.

"त्यांनी वाचलं ते अगदीच खोटं नाही," त्या म्हणाल्या. "हे औषध घेणाऱ्या काही मुलांमध्ये असं विचित्र वागणं दिसलंय. क्वचित. पण नुसत्या इन्फ्लुएन्झानेही मुलं अशी बरळतात, औषधाचा थेंबही न घेता. आणि हिच्या पोटात आज औषध राहिलेलंच नाही, तापाचं औषधही राहिलेलं नाही. ताप एवढा चढलाय की मला आत्ता तापच जास्त वाटतोय. आपण ताप उतरवू आणि बघू. ताप उतरल्यावरही ती असंच बोलली, तुम्हाला ओळखेनाशी झाली, तर मी पुढचा डोस देणार नाही. तिला मोठ्या हॉस्पिटलला पाठवेन."

मोठं हॉस्पिटल. मला वाटलं होतं खात्री मिळेल. मिळाली ती वाट बघायची शिक्षा.

तापाचं औषध तोंडाने टिकत नव्हतं म्हणून त्यांनी ते गुदद्वारातून दिलं. उलटी थांबण्यासाठी जिभेवर विरघळणारी गोळी दिली. मग आतल्या खोलीत एका खाटेवर आम्हाला बसवलं. नर्सने ओआरएसचा पेला आणून दिला. "एक चमचा, मग थोडं थांबायचं, मग परत एक. तिने मागितलं तरी गटागटा द्यायचं नाही. हे टिकलं नाही तर सलाइन लावू."

ते काम सासूबाईंनी घेतलं. एक चमचा. थांबायचं. एक चमचा. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि घड्याळाकडेच बघत बसले. सासूबाई बोलायला लागल्या तेव्हा आधी मला कळलंच नाही की त्या माझ्याशी बोलतायत. त्यांची नजर चमच्यावर होती.

"माजी पयली पोर अशीच होती. तुझ्या नवऱ्याच्या आधीची."

माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली. घरात कुणी कधी या मुलीचं नावही काढलं नव्हतं.

"चालायला लागलेली. तिला वांत्या लागल्या, हागवन लागली. आमच्या म्हाताऱ्या बाया म्हनाल्या, पानी देऊ नका, पानी दिला का आनखी व्हता. मी न्हाय दिला." त्यांनी चमचा नातीच्या ओठांना लावला, ती गिळेपर्यंत थांबल्या. "ती पानी मागायची गो. माज्या पदराला धरून मागायची. मी तिला बाहेर नेला, मडक्याकरं बघू नये म्हनून. दुसऱ्या दिवशी मागायची पन थांबली."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या तो हात तसाच राहू देऊन पुढचा चमचा भरत होत्या. पेल्यातलं पाणी इतकं सावकाश उतरत होतं की उतरतंय असं वाटतच नव्हतं. पण चमच्यामागून चमचा आत जात होता आणि बाहेर येत नव्हता.

तिचे पप्पा आले ते करंज्याहून लाँचने रेवसला उतरून, तिथून कुणाच्या तरी बाइकवर मागे बसून. यार्डातलं भडक रंगाचं जॅकेट अंगात तसंच होतं. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "दिलं का परत ते?"

"नाही अजून."

"द्यायचं नाही." ते मॅडमच्या केबिनकडे वळले, पण त्याआधी त्यांना खाटेवरून हाक आली.

"पप्पा, तुम्ही आज कसे आलात? आज शनिवार आहे?"

तिचं कपाळ घामाने ओलं झालं होतं. ताप उतरत होता. ते खाटेपाशी गुडघ्यांवर बसले. "ते जाळं टाकणारे गेले का गं?" त्यांनी हळूच विचारलं. ती त्यांच्याकडे असं बघत राहिली की जणू तेच काहीतरी बरळतायत. "कुठले?" ती म्हणाली. मग म्हणाली, "मला शू लागलीय."

त्या शब्दाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई तिला उचलून घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी मान डोलावून मला सांगितलं, झाली.

मॅडमनी मुलीला पुन्हा तपासलं आणि तिच्या पप्पांना समोर बसवलं. ते अजूनही ताठच होते. "मॅडम, एक विचारतो. नाही दिलं तर काय होईल?"

"कदाचित काहीच नाही. बहुतेक मुलं या औषधाशिवाय बरी होतात. तुमची मुलगी बाकीच्यांसारखी असती तर मी आज उलट्या बघून बंदच केलं असतं. पण हिला दमा आहे, हिला आधी न्युमोनिया झालाय. हे औषध काही जादू नाही. आजार थोडा लवकर आटोपतो, आणि अशा मुलांमध्ये तो छातीत उतरायचा धोका कमी व्हावा म्हणून आपण देतो. एका बाजूला मळमळ आहे, ती बहुतेक वेळा पहिल्या दोन दिवसांत कमी होते. दुसऱ्या बाजूला तिची छाती आहे. मी असते तर दिलं असतं. पण जबरदस्ती करणार नाही."

त्यांनी वळून मुलीकडे पाहिलं. मलाच ठाऊक नव्हतं मला काय हवंय. मला दोन्हींची भीती होती. शेवटी ते म्हणाले, "इथे द्याल का? तुमच्यासमोर?"

"देऊ. आधी पोटात काहीतरी जाऊ दे."

पेज गार झाली होती. नर्सने ती गरम करून आणली. मुलीने चार-पाच चमचे खाल्ले, वर मीठ मागितलं. सासूबाईंनी पदरातला गुळाचा खडा सोडून मॅडमना दाखवला, "ह्याच्यात चालंल का?" मॅडम म्हणाल्या, चालेल, पण अगदी थोड्या पाण्यात घट्ट पाक करा. जास्त केलंत आणि तिने अर्धं टाकलं, तर औषधही अर्धंच जाईल. नर्सने वाटीत गूळ विरघळवला, मी बाटली हलवून रेघेपर्यंत औषध ओढून त्यात मिसळलं. तिने ते चाटून संपवलं. वाटीला लागलेलं होतं त्यात आणखी थेंबभर पाणी घालून तेही प्यायली.

मग आम्ही तिघं खाटेभोवती उभे राहिलो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

तिने एकदा आवंढा गिळला. तिच्या पप्पांनी लगेच भांडं पुढे धरलं. दुसऱ्यांदा गिळला. चेहरा पांढरा पडला, ओठांच्या कडेने लाळ सुटली. "मळमळतंय," ती म्हणाली. मी तिला उशांना टेकवून बसतं केलं, खिडकी उघडली, सासूबाई पाठीवरून हात फिरवत राहिल्या. बाहेर एसटी स्टँडाकडून गाड्यांचे हॉर्न येत होते. मी मनात काही मागितलं नाही. देवाचं नावही आठवलं नाही. मी फक्त तिच्या गळ्याच्या घाटीकडे बघत होते, वर जातेय की खाली. ती ढेकर देऊन आडवी झाली. आणि झोपली.

अर्धा तास झाला, तास झाला. मॅडम येऊन बघून गेल्या. "आता उलटी झाली तरी चिंता नाही, औषध गेलंय," त्या म्हणाल्या. आम्हाला घरी सोडताना त्यांनी बजावलं: श्वास वेगाने चालला, बरगड्या आत ओढल्या गेल्या, उठवून उठेनाशी झाली, बराच वेळ लघवी झाली नाही, किंवा ताप नसताना विचित्र वागली, तर पुढचा डोस न देता सरळ घेऊन या. आणि एकटं सोडू नका.

आम्ही सोडलं नाही. पुढचे दिवस तिचे पप्पा रजा काढून घरीच होते. त्या दिवशी औषधाची वेळ बरीच पुढे गेली होती, म्हणून पुढचे डोस कसे सरकवायचे हेही मॅडमनीच ठरवून दिलं होतं. औषधाची वेळ आली की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, इतका आम्ही धसका घेतला होता. आधी पेज, नाहीतर मऊ भात, मग गुळातलं औषध, मग तिला आडवं न करता बसवून ठेवायचं. तिचे पप्पा खिडक्यांच्या कड्या लावून ठेवायचे. आमचं घर बैठं आहे, खिडकीतून उडी मारली तरी अळूच्या वाफ्यात पडेल, पण ते लावायचे. मी त्यांना हसले नाही. पुढच्या सकाळी तिला मळमळलं आणि थोडी पेज बाहेर आली, तशी मी पुन्हा गार पडले, पण औषधाला बराच वेळ होऊन गेला होता. त्यानंतर उलटी झाली नाही. तापही गेला. छातीतली शिट्टी मात्र रेंगाळली, पंप वाढवावा लागला. औषधाचे पाचही दिवस पुरे केले. औषधाने ती बरी झाली की तशीही झालीच असती, हे मला सांगता येणार नाही. मॅडमनीही तसं कधी म्हटलं नाही.

ती शाळेत परत गेली त्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई मला फाटकापाशी भेटली. तिच्या मुलीलाही तेच औषध दिलेलं. पहिल्याच डोसाला उलटी झाली होती आणि बाटली ती फेकून द्यायला निघाली होती. "बाई, तुम्ही सांगा, घाबरण्यासारखं काही नाही ना?"

तिला बरं वाटावं म्हणून 'नाही' हा शब्द ओठांवर आला होता. मी म्हटलं, "आधी डॉक्टरांना फोन करा. आपल्या मनाने बंद करू नका, आपल्या मनाने दुसऱ्यांदा देऊही नका. उलटी औषध घेतल्यावर किती वेळाने झाली ते सांगा. आणि ती शू करतेय का, ते बघा." तिने तिथेच फोन काढला. तिचं बोलणं संपेपर्यंत मी तिच्याजवळ उभी राहिले, घंटा झाली तरी.

सासूबाईंच्या त्या पहिल्या मुलीविषयी मी नंतर एकदाच विचारलं. तिचं नाव काय होतं. त्यांनी सांगितलं. मग कांद्याची वेणी वळता वळता म्हणाल्या, "तिला गूळ आवडायचा न्हाय. मीठ चाटायची."